गेम बारला विंडो सापडते, डेस्कटॉप सापडत नाही

क्रिता या चित्रं काढायच्या ॲपमध्ये रंगकाम शिकवणारे छोटे व्हिडिओ करायला घेतले, त्याला तीन आठवडे झाले. वेगळं सॉफ्टवेअर घालायचं नाही, रेकॉर्डिंगला विंडोजसोबत आयता येणारा गेम बारच वापरायचा, ही अट माझी मीच घातलेली. पहिल्या सहा व्हिडिओंपैकी दोन वाया गेले. दोन्ही माझ्याच चुकीने, आणि खोदून पाहिल्यावर दोन्ही चुकांचं मूळ एकच निघालं.

पहिला असा गेला. माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत. डावीकडे क्रिता पूर्ण पसरलेलं, उजवीकडे रिकामा डेस्कटॉप. सुरू करण्याआधी उजवीकडचा एक आयकॉन जरा बाजूला सरकवला, मोकळ्या वॉलपेपरवर एक क्लिक केलं, मग Win + Alt + R दाबलं आणि बोलायला लागलो. अकरा मिनिटं बोललो. थांबवायला पुन्हा तीच बटणं दाबली, Videos मधलं Captures फोल्डर उघडलं, तर आत नवी फाइलच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच सगळं मुद्दाम करून पाहिलं, पण या वेळी नजर उजव्या मॉनिटरवर ठेवून. वॉलपेपरवर क्लिक करून Win + G ने गेम बार उघडला, तर रेकॉर्डचं बटण फिकं पडलेलं, दाबताच येईना. आणि संदेश असा:

```
Gaming features aren't available for the Windows desktop or File Explorer.
```

आदल्या दिवशीही असंच काहीतरी चमकून गेलं असणार. मी कॅनव्हासकडे बघत होतो.

इथे पहिली गोष्ट कळली. गेम बार ‘स्क्रीनवर काय दिसतंय’ असं विचारतच नाही. तो विचारतो, ‘या क्षणी कोणती विंडो पुढे आहे?’ पुढे म्हणजे जिच्याकडे कीबोर्ड आहे ती, सर्वांत मोठी दिसते ती नव्हे. क्रिताने अख्खा डावा मॉनिटर व्यापला होता, पण शेवटचं क्लिक वॉलपेपरवर झाल्यामुळे पुढे डेस्कटॉप होता. आता माझा नेम ठरलाय: बटणं दाबण्याआधी क्रिताच्या शीर्षकपट्टीवर एक क्लिक, मग Win + Alt + R, आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारी छोटी पट्टी दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती पट्टी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरा व्हिडिओ जास्त चुटपुट लावून गेला, कारण त्यात फाइल तयार झाली होती. चौदा मिनिटांची, आवाज स्वच्छ. मी ठरवलेला क्रम असा होता: फाइल एक्सप्लोररमध्ये संदर्भचित्रांचं फोल्डर दाखवायचं, त्यातलं एक चित्र ओढून क्रितात टाकायचं, रंगवायचं, शेवटी पीएनजी म्हणून निर्यात करायचं. पाहायला बसलो. माझा आवाज म्हणतोय, ‘हे बघा, या फोल्डरमध्ये तीन चित्रं आहेत,’ आणि पडद्यावर क्रिताचा कोरा कॅनव्हास. ‘यातलं मधलं उचलू या.’ कॅनव्हास कोराच. मग अचानक, कुठूनही न येता, चित्र कॅनव्हासवर हजर. क्रितात चित्र टाकलं की ते नव्या लेअरवर ठेवायचं की वेगळी फाइल म्हणून उघडायचं, असं विचारणारा एक छोटा मेनू येतो, तोही गायब. शेवटी निर्यातीचा भाग: ‘इथे प्रकार निवडा, इथे नाव द्या,’ असं मी जवळजवळ मिनिटभर समजावतोय आणि चित्र ढिम्म. जादूचे प्रयोग करायचे असते तर हे चाललं असतं.

म्हणजे एकदा क्रितावर रेकॉर्डिंग सुरू झालं की मी कुठेही गेलो तरी ते क्रितालाच चिकटून राहतं. फाइल एक्सप्लोरर वर आला, त्याने अर्धं क्रिता झाकलं, तरी रेकॉर्डिंगमध्ये झाकलेलं क्रिता पूर्ण दिसतं.

हे कसं होतं ते समजून घेण्यात एक संध्याकाळ गेली, पण सार्थकी लागली. विंडोजमध्ये ॲप थेट पडद्यावर चित्र काढत नाही. प्रत्येक विंडो आपापल्या वेगळ्या पाटीवर काढते, आणि dwm.exe नावाची प्रक्रिया त्या सगळ्या पाट्या एकावर एक रचून मॉनिटरवर जाणारं अंतिम चित्र बनवते. गेम बार एका विंडोची पाटी, रचण्याआधीची, उचलतो. म्हणूनच त्यावर आलेली दुसरी विंडो, सूचनेचा चौकोन, सेकंद मोजणारी त्याची स्वतःची पट्टी, यांतलं काही त्यात येत नाही. उजव्या क्लिकचे मेनू आणि ‘सेव्ह ॲज’सारखे डायलॉग आपल्याला ॲपचाच भाग वाटतात, पण बऱ्याचदा त्या स्वतंत्र विंडो असतात, म्हणून तेही निसटतात. खेळासाठी हे अगदी बरोबर आहे. खेळ साधारण सगळं एकाच विंडोत काढतो, आणि मध्येच आलेला कुणाचा खासगी निरोप व्हिडिओत यावा असं कुणालाच वाटत नाही.

आता डेस्कटॉपकडे येऊ. आपण ‘डेस्कटॉप’ म्हणतो तेव्हा मनात असतं ते रचून झालेलं अंतिम चित्र: वॉलपेपर, त्यावर उघड्या विंडो, खाली टास्कबार. पण विंडोजच्या हिशेबात डेस्कटॉप ही सगळ्यांत तळाशी पसरलेली एक विंडो आहे आणि तिच्या पाटीवर फक्त वॉलपेपर आणि आयकॉन असतात. समजा गेम बारने ती रेकॉर्ड करू दिली असती, तरी हाती काय आलं असतं? तासभर वॉलपेपर. वर उघडलेलं एकही ॲप त्यात आलं नसतं. त्यामुळे ‘डेस्कटॉप का घेत नाही’ या प्रश्नात मला तरी आता तक्रारीसारखं काही वाटत नाही. एका विंडोची पाटी उचलणाऱ्या हत्याराला डेस्कटॉप नावाची, आपल्याला हवी ती, पाटी मुळात मिळतच नाही.

फाइल एक्सप्लोररचं कोडं मात्र वेगळं. त्याला चांगली स्वतःची विंडो आहे, शीर्षक आहे, मग तो का नाही? उत्तर त्या संदेशातच आहे, दोघांची नावं एका दमात घेतलेली. दोघं एकाच प्रोग्रामच्या पोटातले आहेत, explorer.exe. डोळ्यांनी पाहायचं असेल तर उघड्या फायली सेव्ह करा, दोन-तीन फोल्डर उघडे ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
taskkill /f /im explorer.exe
start explorer.exe
```

पहिल्या ओळीसरशी टास्कबार, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि उघडी फोल्डरं, सगळं एकदम जातं. क्रिता मात्र जागच्या जागी, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या ओळीने टास्कबार आणि आयकॉन परत येतात. (दोन्ही ओळी एकदम चिकटवू नका; मध्ये थांबून पडदा नीट बघा, मजा त्यातच आहे.)

म्हणजे गेम बारच्या दृष्टीने explorer.exe हे ॲप नाही, ते विंडोजचं कवच आहे, आणि कवचाच्या विंडोवर तो रेकॉर्डिंग सुरूच करत नाही. ही तांत्रिक असमर्थता नाही, हे पडताळायला मी माझी अट एका दिवसापुरती मोडून ओबीएस हे रेकॉर्डिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घातलं. त्यात विंडो पकडण्याच्या यादीत [explorer.exe]: Downloads अशी नोंद दिसते, ती निवडली की ते फोल्डर व्यवस्थित रेकॉर्ड होतं. तेव्हा डेस्कटॉपच्या बाबतीत हत्याराची जातच आड येते, तर फाइल एक्सप्लोररच्या बाबतीत घातलेला नियम. गेम बारच्या सेटिंगमध्ये ‘हा खेळ आहे हे लक्षात ठेव’ अशी एक खूण आहे. ती क्रितासाठी केली, पण explorer.exe ला तिचा काही उपयोग नाही.

मग आता काम कसं चालतंय? विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये रेकॉर्डिंग आहे, Win + Shift + R. ते पडद्याचा चौकोन घेतं, म्हणजे रचून झालेलं चित्र. त्या चौकोनात जे दिसेल ते सगळं: फोल्डर, मेनू, डायलॉग, आणि हो, नको असलेली सूचनासुद्धा. म्हणून त्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करतो. चौकोन सुरुवातीलाच पक्का होतो, नंतर तो विंडोमागे फिरत नाही. एकदा फोल्डर जरा बाजूला ओढलं आणि त्याची उजवी कड कापली गेली.

मग सगळंच स्निपिंग टूलने का नाही? मी करून पाहिलं आणि परत फिरलो. लांब रंगकामात मला मध्येच संदर्भचित्र वर आणून बघायची सवय आहे. गेम बारमध्ये ते प्रेक्षकाला दिसत नाही, कॅनव्हास अखंड राहतो. आवाजाचंही तसंच: गेम बारमध्ये आवाजाचा पर्याय Game वर ठेवला की निवडलेल्या ॲपचा आवाज आणि माइक एवढंच येतं, मागे चाललेलं गाणं येत नाही. लांब बैठकीसाठी एका विंडोला चिकटणं हा मला गुणच वाटतो.

सातवा व्हिडिओ तीन तुकड्यांत केला. फोल्डर दाखवणं आणि चित्र टाकणं स्निपिंग टूलने, रंगकाम गेम बारने, निर्यातीचा डायलॉग पुन्हा स्निपिंग टूलने. जोडताना एक खोट दिसली: गेम बारचं चित्र विंडोच्या मापाचं, स्निपिंगचं मी ओढलेल्या चौकोनाच्या मापाचं, त्यामुळे सांध्यावर क्रिता किंचित उडी मारतं. सध्या चौकोन क्रिताच्या विंडोच्या कडांवर डोळ्यांनी जुळवतोय, दोन-चार पिक्सेलची चूक राहतेच. आठव्यात सांधा कॅनव्हासवर न ठेवता लेअरच्या यादीवर झूम करून ठेवणार आहे, तिथे ती उडी लपते का ते बघू.