पहिल्या कागदावर ‘नॉर्मल’

नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये ती आली ती थोडी वैतागूनच. वय ३६, दोन मुलं, तक्रार काहीच नाही. दाराशीच म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आला ना? मग परत कशाला बोलावलंत? हाफ डे टाकून आलेय.”

चूक आमचीच होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिची को-टेस्ट केली होती: पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, आणि एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवू शकणाऱ्या विषाणूची टेस्ट. दोन्हीसाठी एकच नमुना, एकच बाटली. पण रिपोर्ट वेगवेगळ्या दिवशी आले. पॅपचा आधी आला आणि रिसेप्शनवरून लगेच तिच्या व्हॉट्सॅपवर गेला. त्यात लिहिलं होतं ‘एनआयएलएम’, म्हणजे पाहिलेल्या पेशींत कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल दिसले नाहीत. चार दिवसांनी एचपीव्हीचा आला: टाइप १६ पॉझिटिव्ह.

मी दोन्ही कागद तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. पॅप फक्त ब्रशला लागलेल्या पेशींबद्दल बोलतं. ब्रश जिथे पोचला नाही, तिथलं त्याला कळत नाही. एचपीव्ही टेस्ट पेशी बघत नाही, ते बदल घडवणारा विषाणू आहे का ते बघते. टाइप १६ आणि १८ हे त्यातले सगळ्यात धोक्याचे; ते असतील तर पॅप चांगला असूनही कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी, करायची. दुसरा एखादा हाय-रिस्क टाइप असता आणि आधीचं काही नसतं, तर मी तिला वर्षाने पुन्हा बोलावलं असतं. गंमत म्हणजे पॅपमध्ये ‘अ‍ॅस्कस’, म्हणजे पेशी किंचित वेगळ्या पण नक्की सांगता येत नाही, असं आलं असतं आणि एचपीव्ही निगेटिव्ह असता, तर ती घाबरून आली असती आणि मी तिला तीन वर्षांनी ये म्हणाले असते.

ती जरा वेळ गप्प बसली. मग हळूच विचारलं, “म्हणजे ह्यांचं बाहेर काही...?”

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून हा प्रश्न येतोच. पण तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आणि कुणाकडून आला, हे ही टेस्ट सांगू शकत नाही. तिला तेवढंच सांगितलं.

कॉल्पोस्कोपीत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबले; बदललेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात. गर्भाशयमुखावर, घड्याळात बारा असतात त्या जागी, एक दाट पांढरा चट्टा उमटला, कडा ठळक. बायोप्सी घेतली. ‘सीआयएन ३’ आलं. हा कॅन्सर नव्हे, त्याआधीचा गंभीर बदल; पण तसंच सोडलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. पॅथॉलॉजिस्टना जुनी स्लाइड पुन्हा बघायला सांगितली. त्यांनी नीट बघितली. तसल्या पेशी त्यात नव्हत्याच.

लीप करून, म्हणजे वीज सोडलेल्या तारेच्या फासाने, तेवढा भाग काढला. काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आल्या, तिथे तसल्या पेशी नव्हत्या. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही केली, ती निगेटिव्ह आली. तिला आता ठरावीक अंतराने यावं लागणार आहे.

रिसेप्शनवर तेव्हापासून एक नियम आहे: को-टेस्टचे दोन्ही रिपोर्ट हातात आल्याशिवाय एकही पाठवायचा नाही.