अठ्ठेचाळीसपैकी तेहतीस

आमच्या पुनर्वसन विभागातील फिजिओथेरपिस्टच्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांपैकी शेवटचे दोन अर्ज घेऊन मी आणि आमचे अस्थिशल्यचिकित्सक त्या दिवशी दुपारी बसलो होतो. जाहिरातीत आम्ही चार गोष्टी मागितल्या होत्या: चालू नोंदणी, गुडघा व खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अनुभव, दिवसाला दहा रुग्ण प्रत्येकी चाळीस मिनिटे देऊन पाहण्याची तयारी, आणि आधीच्या कामाचे मोजलेले परिणाम. बारा वर्षे हे काम करत असल्यामुळे अर्ज वाचायला मला फार वेळ लागत नाही, असे मी समजत होते. त्या दुपारी मात्र एकाच पानावर तास गेला.

पहिल्या अर्जदाराने ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘दररोज ४० रुग्ण, ९५ टक्के यश’. दुसरा अर्ज एका तरुण फिजिओथेरपिस्टचा होता. त्यात असे लिहिले होते की, अठरा महिन्यांत गुडघ्याच्या सांधेबदलानंतरचे ४८ रुग्ण तिच्याकडे आले आणि त्यांपैकी ३३ जणांचा गुडघा बाराव्या आठवड्यापर्यंत ११० अंश किंवा त्याहून जास्त वाकू लागला. डॉक्टरांनी कागदाच्या कडेला आकडेमोड केली आणि म्हणाले, “मॅडम, हे एकोणसत्तर टक्के होतात. पंच्याण्णव टक्केवाला समोर असताना आपण हिला का बोलवायचे?”

प्रश्न रास्त होता, म्हणून मी आधी पहिल्या अर्जातील चाळीस रुग्णांचाच हिशेब मांडला. आठ तासांची चारशे ऐंशी मिनिटे चाळीस जणांत वाटली, तर एकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात आणि नोंदी लिहायला एकही मिनिट उरत नाही. बारा मिनिटांत शेक देता येतो, यंत्र लावता येते, आधीचे व्यायाम एकदा करून घेता येतात. पण सूज का उतरत नाही, रुग्ण पाय टाकताना गुडघा का रोखून धरतो, हे शोधायला ती पुरत नाहीत. मी त्या अर्जदाराला फोन केला. त्यांनी कोणतीही सारवासारव न करता सांगितले की, त्यांच्या हाताखाली दोन सहायक होते, चाळीसपैकी पंचवीसेक रुग्ण फक्त यंत्रावर असत आणि पंच्याण्णव टक्के हा आकडा उपचार पूर्ण करून ‘बरे वाटते’ असे सांगून गेलेल्या रुग्णांतून काढला होता. मध्येच येणे थांबवलेले रुग्ण त्यात धरलेच नव्हते. आमच्या व्यवसायात ही पद्धत इतकी रुळलेली आहे, की तिच्यात काही गैर आहे असे त्यांना वाटले नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यावा असे मलाही वाटले नाही. परंतु ज्याला बरे वाटत नाही तोच बहुधा येणे थांबवतो. त्याला वगळून काढलेल्या टक्केवारीतून उपचारांचा दर्जा कळत नाही.

दुसऱ्या अर्जाला एक पुरवणी पान जोडलेले होते. त्यात लिहिले होते की, ४८ पैकी ४१ रुग्णांचेच बाराव्या आठवड्याचे माप मिळाले. उरलेल्या सातांपैकी तिघे दुसऱ्या गावी गेले, दोघांना जंतुसंसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि दोघांनी येणे सोडले, त्याचे कारण कळले नाही. तिने ठरवले असते तर ४१ पैकी ३३, म्हणजे ऐंशी टक्के, असे लिहिता आले असते आणि तेही खोटे ठरले नसते. तिने भागाकाराखाली मोठी संख्या ठेवली. शिवाय प्रत्येक रुग्णाचा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी किती वाकत होता, याचाही रकाना होता. तो पाहून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले, कारण शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे बऱ्याच अंशी आधी तो किती वाकत होता यावर अवलंबून असते. आधीच्या मापाशिवाय नंतरचे माप म्हणजे सुरुवात माहीत नसलेला प्रवास.

पण माझे मन बसले ते ११० अंशांपर्यंत न पोहोचलेल्या आठ रुग्णांच्या तक्त्यात, आणि त्यातही एका ओळीवर. त्या रुग्णाचा गुडघा दहाव्या दिवशी ६५ अंश, चौथ्या आठवड्यात ७८ आणि सहाव्या आठवड्यात ८० अंश वाकत होता. ज्याने सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर हातात धरलेला आहे, त्याला दोन आठवड्यांतील हा दोन अंशांचा फरक काय सांगतो ते कळते: एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातातही असू शकतो, म्हणजे गुडघा अडलेला आहे. अशा वेळी अनेकजण जोर लावतात, रुग्ण ओरडतो, दुसऱ्या दिवशी सूज वाढते आणि गुडघा आणखी आखडतो. तिने जोर थांबवला, त्याच आठवड्यात मापांसह रुग्णाला त्याच्या शल्यचिकित्सकांकडे परत पाठवले, आठव्या आठवड्यात भूल देऊन गुडघा वाकवून घेण्यात आला आणि त्याच दिवसापासून तिने पुन्हा व्यायाम सुरू केले. बाराव्या आठवड्याचे माप १०५ अंश होते. जिना उतरायला तेवढे पुरते, तरीही तिने स्वतःच ठरवलेली मर्यादा ११० असल्यामुळे हा रुग्ण तिने अपयशाच्या तक्त्यात ठेवला होता.

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. “माझा रुग्ण मला सहाव्या आठवड्यात असा परत आला पाहिजे,” एवढेच ते म्हणाले. उशीर झाला की आतले चिकटलेले धागे घट्ट होत जातात आणि भूल देऊनही गुडघा पुरेसा सुटत नाही, हे त्यांनी अनेकदा पाहिलेले आहे.

विशेषज्ञतेचा प्रश्न उरला होता. तिची पदव्युत्तर पदवी हृदय-श्वसन विषयातली होती, तर पहिल्या अर्जदाराची आमच्या विभागाच्या कामाशी तंतोतंत जुळणारी होती. केवळ पदवीचे नाव पाहून मी तिचा अर्ज सकाळीच बाजूला ठेवणार होते, हे मला कबूल केले पाहिजे. पण गेली चार वर्षे ती सांधेबदलाच्याच रुग्णांवर काम करत होती.

यानंतर मी नोंदणी पाहिली, आणि खरे तर ती सर्वांत आधी पाहायला हवी होती. अर्जासोबत प्रमाणपत्राची प्रत होती. परंतु प्रतीवर विसंबायचे नाही, फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या नोंदवहीत क्रमांक टाकून पाहायचा, असा आमचा नियम आहे. पहिल्या अर्जदाराची नोंदणी चालू होती. तिच्या क्रमांकापुढे मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपल्याचे दिसत होते.

मी तिला फोन करून नोंदणीबद्दल विचारले. ती म्हणाली, “मॅडम, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला होता, पण एक कागद राहिला म्हणून तो परत आला. मुदत संपल्या दिवसापासून मी रुग्णांना हात लावलेला नाही. विभागात जुन्या नोंदी लावण्याचे काम करते आहे.” मी तिच्या परवानगीने तिच्या विभागप्रमुखांशी बोलले आणि त्यांनी कामवाटपाचा तक्ता पाहून तेच सांगितले.

डॉक्टरांचे म्हणणे होते की, तिला लगेच रुजू करून घ्यावे, कागद मागाहून येईल. मी ठाम नकार दिला. तिने जो नियम स्वतःहून पाळला, तो आम्हीच तिला मोडायला लावणे मला शक्य नव्हते. निवड पक्की, पण नोंदवहीत क्रमांक चालू दिसल्यावरच रुजू होणे, असे पत्र आम्ही पाठवले. अकराव्या दिवशी नोंद बदलली आणि बाराव्या दिवशी ती कामावर आली.

त्याच आठवड्यात मी जाहिरातीचा मसुदा बदलला. ‘यशाचे प्रमाण’ हा शब्द काढून तिथे ‘किती रुग्ण सुरू झाले, किती जणांचे शेवटचे माप मिळाले आणि उरलेल्यांचे काय झाले’ असे तीन रकाने घातले.