मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटं, कपडे पेस्टल

लग्नघरात कामांची वाटणी होते तेव्हा लिहायचं काम हटकून माझ्याकडे येतं. पूर्वी पत्रिकेचा मजकूर आणि पाकिटांवरचे पत्ते असायचे. आता असतो तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज: कुठला कार्यक्रम किती वाजता आणि कुठल्या कार्यक्रमाला काय घालायचं. पत्रिका देवापुढे ठेवतात, मोठ्यांना हातात देतात. पण पाहुणे वागतात ते या मेसेजबरहुकूम.

पुतणीच्या लग्नात पहिला मसुदा तिनेच केला होता. 'हळद १०, यलो. सीमांतपूजन ६, पेस्टल. संगीत ८, ग्लॅम. लग्न १२:२७, ट्रॅडिशनल. रिसेप्शन ७, इंडो-वेस्टर्न.' प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या त्या रंगाचं एक बदाम. तिच्या मैत्रिणींना एवढं पुरलं असतं. पण हाच मजकूर आत्याला, गावच्या चुलत्यांना आणि नवऱ्या मुलाच्या ऑफिसातल्या मंडळींनाही जाणार होता. आत्याने तो वाचून दोनच प्रश्न विचारले असते. मी निघू किती वाजता? आणि नेसू काय? मसुद्यात दोन्हींची उत्तरं असल्यासारखी दिसत होती, पण नव्हती.

सुरुवात १२:२७ पासून करू. मेसेजमधली ही एकच वेळ आपल्या हातात नसते. बाकी सगळं आपण ठरवतो, ही पंचांगातून येते. आणि नेमकी हीच पाहुण्यांना चुकीची समजते. १२:२७ ला लग्न लागतं, सुरू होत नाही. अंतरपाट दूर होऊन माळा पडायचा तो क्षण. मंगलाष्टकं त्याच्या आधी सुरू होतात आणि गुरुजी घड्याळाकडे डोळा ठेवून ती लांबवतात किंवा आवरती घेतात, म्हणजे 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' बरोबर त्या मिनिटाला यावं. घड्याळं नव्हती तेव्हा हे काम घटिकापात्र करायचं. पाण्यावर तरंगत ठेवलेली, बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. तेव्हा नजर वाटीवर असायची, आता मोबाइलवर असते, एवढाच फरक.

तर जो पाहुणा मेसेज वाचून बरोबर १२:२७ ला दारातून आत येतो, त्याला वाजंत्री ऐकू येते आणि लोकांच्या पाठी दिसतात. अक्षता हातात मिळेपर्यंत सगळे जेवणाच्या दिशेने वळलेले असतात. म्हणून मी मुहूर्ताच्या ओळीत दोन वेळा लिहितो: मुहूर्त दुपारी १२:२७, मांडवात यावं १२ पर्यंत. पुतणी म्हणाली, "काका, दोन वेळांनी लोक गोंधळतील." लोक गोंधळतात ते दुसरी वेळ न लिहिल्याने. मग जो तो आपल्या अंदाजाने लिहिलेल्या वेळेतून काहीतरी वजा करतो किंवा तिच्यात मिळवतो. शिस्तीचा माणूस पावणेबाराला येऊन बसतो, अनुभवी माणूस पाऊणला उगवतो.

हळदीच्या '१०' मध्ये वेगळीच गोम होती. रीतीप्रमाणे हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, मुलीकडे येते. तेव्हा मुलीच्या हळदीची वेळ एकट्या मुलीच्या घरच्यांच्या हातात नसतेच. ती तिकडच्या सुवासिनी कधी जमतात आणि हळद घेऊन निघालेल्या गाडीला वाटेत किती वेळ लागतो यावर ठरते. पुतणीच्या सासरची मंडळी दुसरीकडे उतरली होती. त्यांनी आपल्या मेसेजमध्येही १० च लिहिलं होतं. दोन्ही घरांचे मेसेज शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचलेच नव्हते. मग वहिनींनी विहीणबाईंना फोन केला आणि ठरलं: तिकडे साडेनऊला, इकडे अकराला. एका लग्नाचे दोन मेसेज फिरत असतील तर ते पाठवण्याआधी एकमेकांशी ताडून पाहावेत. समाईक कार्यक्रमांच्या वेळा अक्षरशः सारख्या हव्यात. नाहीतर दोन्हीकडून आमंत्रण असलेला एखादा मित्र ती तफावत ग्रुपवर जाहीर करतो.

हळदीला पिवळे कपडे सांगतात ते फोटो खुलतात म्हणून, हे खरंच. पण पिवळ्यावर डाग दिसत नाही हेही त्यात आहेच, आणि पाहुण्यांना या दुसऱ्या कारणाचा जास्त उपयोग. माझ्या मते तिथे रंगापेक्षा कापड सांगावं: 'धुता येतील असे सुती कपडे, पिवळे असल्यास छान.' भारीतली पिवळी रेशमी साडी नेसून आलेली बाई हळद लावायला पुढेच येत नाही, लांबून हात जोडते. आणि डाग पडल्यावर लोक घाबरतात ते साबण लावल्यावर, कारण हळदीचा डाग साबणाने एकदम लाल होतो. साबणातल्या क्षारामुळे फक्त रंग बदललेला असतो, स्वच्छ पाण्याने साबण निघाला की तो पुन्हा पिवळ्यावर येतो. मग कापड कडक उन्हात वाळवलं की डाग बराच फिका पडतो. हे अर्थात मेसेजमध्ये लिहीत नाही.

पेस्टलवर मात्र आमची खरी चर्चा झाली. पेस्टल म्हणजे फिके रंग, एवढं आत्याला सांगता आलं असतं. पण फिका म्हणजे किती फिका? आमच्या कपाटांतल्या ठेवणीतल्या साड्या चिंतामणी, जांभळ्या, हिरव्यागार. फिक्या रंगाची भारी साडी बऱ्याच घरांत नसतेच, म्हणजे एका संध्याकाळसाठी नवी खरेदी आली. पुतणीला हे दिसलं नव्हतं, कारण ती घरच्या फोटोंचा विचार करत होती. मी तिला विचारलं, "हा रंग नक्की कुणासाठी आहे?" तिच्या डोळ्यांसमोर जेमतेम वीसेक माणसं होती: भावंडं, मैत्रिणी, दोन्हीकडच्या करवल्या. त्यांना वेगळा मेसेज गेला, रंगाच्या नमुन्याच्या फोटोसकट, कारण 'पीच' या नावाखाली दुकानदार काहीही दाखवतो. बाकी सगळ्यांच्या मेसेजमध्ये त्या ओळीत आलं: 'साडी, कुर्ता, आवडीचा रंग.' आदेश वीस जणांना, बाकीच्यांना मोकळीक. तिची तक्रार राहिली नाही आणि आत्याने आपली चिंतामणी नेसली.

आणखी एक हिशेब मसुद्यात राहून गेला होता, कपडे बदलायला लागणाऱ्या वेळेचा. शनिवारी सीमांतपूजन ६ ला, संगीत ८ ला. सीमांतपूजन म्हणजे पाय धुणं, ओवाळणं, मानपान आणि विहिणींच्या भेटी. ते सव्वासातच्या आत उरकत नाही. राहिला पाऊण तास. तेवढ्यात पेस्टलमधून ग्लॅममध्ये कोण आणि कुठे जाणार? परगावच्या पाहुण्यांना खोल्या होत्या, गावातल्यांना नव्हत्या. त्यांनी पिशवीत कपडे घेऊन यायचं आणि कार्यालयातल्या एकुलत्या एका आरशासमोर रांग लावायची? माझा नियम साधा आहे: दोन कार्यक्रमांच्या मध्ये पाहुणा घरी किंवा खोलीवर जाऊन येऊ शकत नसेल, तर तिथे पोशाख बदलायला सांगू नये. शनिवारी अशी सवड एकदाच मिळत होती, हळदीनंतर. केस धुवायचे, वाळवायचे, साडी नेसायची, त्याला दुपार पुरते. म्हणून सीमांतपूजन आणि संगीताला एकच पोशाख लिहिला. ज्यांना नाचायचं होतं ते बदलणारच होते, त्यांना सांगावं लागत नाही.

'ग्लॅम' या शब्दाचा अर्थ तरुण मंडळींनी 'काळा' असा लावला आणि ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लग्नकार्यात काळं घालत नाहीत ही समजूत अजून पक्की आहे. तिच्यावर वाद घालता येतो, पण तो संगीताच्या दारात घालू नये. मुलीच्या आईवडिलांना चालणार असेल तर 'काळा रंगही चालेल' एवढं लिहून टाकावं. नसेल तर तो रंग कुणी घालेल असा शब्दच वापरू नये. वहिनींना चालत होतं, म्हणून लिहिलं.

लग्नाच्या 'ट्रॅडिशनल'ला मी फार हात लावला नाही. फक्त विधींना जवळ बसणाऱ्यांना फोनवर सांगितलं की होमापाशी जाताना कृत्रिम धाग्याचे घोळदार कपडे आणि ओढण्या नकोत, सुती किंवा रेशमी बरे, आणि नाडीचे बूट नकोत. लाह्या द्यायला उठलेला नवरीचा भाऊ नाड्या सोडत बसला की गुरुजी ताटकळतात.

मजकूर तयार झाल्यावर सजवायची हौस आली. कुणीतरी तो फुलापानांच्या चित्रावर लिहून आणला. दिसत होता सुंदर, पण चित्रावरचा पत्ता रिक्षावाल्याला पाठवायला उचलता येत नाही आणि ग्रुपमध्ये '१२:२७' शोधलं तर चित्र सापडत नाही. शेवटी चित्रही पाठवलं आणि खाली साधा मजकूरही. तोही दोन भागांत, शनिवारचा वेगळा, रविवारचा वेगळा. मेसेज फार लांबला की व्हॉट्सॲप तो मुडपून ठेवतं आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. ते बोट सगळे लावत नाहीत. रविवारचा भाग असा गेला:

```
*रविवार*
*लग्न:* मुहूर्त दु. १२:२७
मांडवात यावे: १२ पर्यंत
पोशाख: पारंपरिक, आवडीचा रंग
जेवण: मुहूर्तानंतर लगेच
सप्तपदी: अंदाजे २ वाजता

*स्वागत समारंभ:* संध्या. ७ ते ९:३०
कधीही यावे
पोशाख: आवडेल तो
जागा: मागची हिरवळ
(टोकदार टाचा मातीत रुततात)
```

दोन्ही बाजूंना एकेक तारा टाकला की तो मजकूर ठळक होतो. 'इंडो-वेस्टर्न' जाऊन तिथे हिरवळ आली. त्या संध्याकाळी बायकांना या माहितीचा जास्त उपयोग होता. सप्तपदीची वेळ लिहिली, कारण ती पाहायची इच्छा असलेले पुष्कळ असतात, पण जेवून निघून जातात. यंदा बरेच जण थांबले.

पाठवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयाने शनिवारी संध्याकाळचा हॉल बदलून दिला, वरच्या मजल्यावरून खालच्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पहिल्या १५ मिनिटांतच सुधारता येतो, आणि सुधारला तरी लोकांनी पुढे ढकललेल्या प्रती जुन्याच राहतात. म्हणून नवा मेसेज पाठवताना वर पहिली ओळ टाकली: 'सुधारित. शनिवारचा हॉल बदलला आहे, बाकी वेळा त्याच.' बदल काय झाला ते सांगितलं नाही तर लोक दोन्ही मेसेज ओळीओळीने ताडत बसतात, किंवा दोन्ही वाचत नाहीत. शेवटी विचारपूस करण्यासाठी दोन नंबर दिले. त्यात वहिनी आणि दादा मुद्दाम नव्हते. एक माझा होता, एक पुतणीच्या मावसभावाचा. रविवारी साडेअकराला आत्याने मलाच फोन केला. ती मागच्या फाटकाशी उभी होती, आणि फाटकं दोन आहेत हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.