कोन करतं कोण?

“मॅडम, साइन-कॉस-टॅन सगळं पाठ आहे पोराला. मग उंची-अंतराच्या गणितात त्याची आकृतीच का चुकते?”

कारण तो मनोरा आधी काढतो. पहिली उभी रेघ, तिच्यावर हौसेने झेंडा, मग जमीन, मग टोकापासून जमिनीपर्यंत तिरकी रेघ. त्रिकोण तयार झाला की हातात उरलेले ६०° कुठे ठेवायचे याची शोधाशोध सुरू होते. वरच्या टोकापाशी जागा मोकळी दिसते, तिथे ते बसतात.

गणितातलं वाक्य मात्र जागा सांगून मोकळं झालेलं असतं. “मनोऱ्यापासून ३० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला टोकाकडे पाहताना ६०° मापाचा उन्नत कोन करावा लागतो.” करावा कोणाला लागतो? माणसाला. मनोरा काहीच करत नाही, तो नुसता उभा आहे. म्हणजे कोनाचा शिरोबिंदू माणसाच्या डोळ्यात.

म्हणून माझ्याकडे पहिला ठिपका डोळ्याचा. त्यातून आडवी तुटक रेघ, म्हणजे माणूस सरळ समोर पाहतोय. मग मान वर केली, की टोकाकडे जाते ती दृष्टिरेषा. या दोन रेघांच्या मध्ये ६०°. मनोऱ्याची उभी रेघ सगळ्यात शेवटी, आणि ती तुटक रेघेला मिळते तिथे काटकोन.

कोन टोकाशी लिहिला तर उंची 30/√3, म्हणजे साधारण १७.३ मीटर येते. खरी उंची 30√3, जवळजवळ ५२ मीटर. चुकीचं उत्तरही इतकं नीटनेटकं येतं, की पोराला शंकाच येत नाही. त्यासाठी ४५° लक्षात ठेवायचे. तेवढ्या कोनाला उंची आणि अंतर सारखंच असतं. कोन त्याहून मोठा असेल तर उंची अंतरापेक्षा जास्तच हवी. १७ हे ३० पेक्षा कमी आहे, तेव्हा आकृतीकडे परत जायचं.

आता जिथे खरी तारांबळ उडते ते गणित. १.५ मीटर उंचीची मुलगी सपाट मैदानात उभी राहून देवळाच्या कळसाकडे पाहते, उन्नत कोन ३०°. देवळाकडे २० मीटर चालत गेल्यावर तो ६०° होतो. कळस जमिनीपासून किती उंच?

इथे दोन डोळे काढायचे, कारण मुलगी दोन ठिकाणी उभी राहिली. दोन्ही एकाच तुटक रेघेवर, आणि ती रेघ जमिनीपासून १.५ मीटर वर. (डोळे काही डोक्याच्या माथ्यावर नसतात, पण अशा गणितात ते तिथेच मानतात. उंची दिलीच नसेल तर माणूस म्हणजे जमिनीवरचा ठिपका.) मोठा कोन कुठल्या डोळ्याशी, हे पाठ करू नका. जवळ गेल्यावर मान जास्त वर करावी लागते, एवढं पुरे. जवळच्या डोळ्यापासून देवळापर्यंतचं आडवं अंतर x आणि तुटक रेघेच्या वरची उंची h धरली, की

tan 60° = h/x, म्हणून h = x√3
tan 30° = h/(x + 20), म्हणून x + 20 = h√3 = 3x

यातून x = 10 आणि h = 10√3, म्हणजे सुमारे १७.३. मुलं इथेच खाली दुहेरी रेघ मारतात. पण h तुटक रेघेपासून मोजला होता. तिच्याखालचे १.५ मिळवले की १८.८ मीटर. सगळं बरोबर करून शेवटी हेच दीड मीटर विसरणारे दर वर्षी भेटतात.

हेच गणित मला टॅनशिवाय पडताळायला आवडतं. दोन डोळे आणि कळस यांचा जो लांबट त्रिकोण होतो, त्याचा ६०° हा बाह्यकोन. एक दूरस्थ आंतरकोन ३०°, म्हणून कळसापाशी उरले तेही ३०°. त्रिकोण समद्विभुज, म्हणजे जवळच्या डोळ्यापासून कळसापर्यंतची तिरकी रेघ चाललेल्या अंतराएवढीच, २० मीटर. ३०-६०-९० त्रिकोणात ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणून आडवं अंतर १०. जुळलं. हे फक्त ३०° आणि ६०° च्या जोडीला इतकं सरळ जमतं असं नाही, मोठा कोन लहानाच्या दुप्पट असला की त्रिकोण समद्विभुज होतोच.

आणि अवनत कोन? नियम तोच, फक्त डोळा वर गेला. दीपगृहावरून जहाज पाहणाऱ्याची तुटक रेघ आकाशातून समुद्राच्या दिशेने जाते, आणि कोन तिच्याखाली असतो. मुलं ती रेघ काढतच नाहीत, मग कोन भिंतीला चिकटतो आणि ६०° च्या जागी ३०° चं गणित होतं. रेघ काढली, तर ती समुद्राच्या पाण्याला समांतर, म्हणून व्युत्क्रम कोनाने तेच ६०° खाली जहाजापाशी मिळतात आणि त्रिकोण ओळखीचा होतो.