पहिल्या पानावर कार्थेज

"काकू, पोराला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं कार्थेज शहर रोमनांच्या हाती पडल्याची बातमी पेपरच्या पहिल्या पानासारखी लिहून आणायला सांगितलीय. माहिती सगळी गोळा केलीय, पण वाचताना निबंधच वाटतोय. असं का होतंय?"

कारण लिहिणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, आणि ते तो लपवत नाही. मी बरीच वर्षं इथल्या एका पेपरात डेस्कवर होते, त्यामुळे गल्लीतली पोरं असले प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडेच येतात, आणि पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "इ.स.पू. १४६ मध्ये तिसऱ्या प्युनिक युद्धात कार्थेजचा पाडाव झाला आणि एका महान संस्कृतीचा अंत झाला." आता त्या दिवशीच्या माणसाला इसवी सन कुठनं माहीत असणार, आपण "सनापूर्वी" जगतोय हे त्याला कुणी सांगितलं? "तिसरं" युद्ध हेसुद्धा मागनं मोजणाऱ्याचं काम आहे. आणि संस्कृतीचा अंत झाला की नाही हे पान लागेपर्यंत कुणालाच कळत नसतं, त्या रात्री फक्त एवढंच कळतं की शहर पडलं.

म्हणून मी आधी विचारते, पेपर कुठला आणि अंक कुठल्या रात्रीचा? (पेपर नावाची चीजच तेव्हा नव्हती, रोममध्ये रोजच्या घडामोडींचे फलक लागायला लागले ते इ.स.पू. ५९ पासून. पण तेवढी थाप प्रोजेक्टमध्येच मंजूर आहे, बाकीच्या थापा नाहीत.) रोमचा पेपर घेतला तर बातमी जहाजातनं येणार. रोमन सेनापती सिपिओनं आपलं सगळ्यात वेगवान जहाज लुटीनं सजवून रोमला पाठवलं, ते संध्याकाळी पोचलं आणि लोक रात्रभर रस्त्यावर एकमेकांना मिठ्या मारत होते, म्हणजे रोमच्या अंकात लढाईपेक्षा जल्लोषच मोठा. मला युटिका बरं वाटतं. कार्थेजच्या जवळचंच बंदर, युद्ध सुरू व्हायच्या आधीच रोमकडे गेलेलं, रोमन फौज तिथंच उतरलेली. तिथल्या बातमीदाराला धूर दिसत असणार, छावणीतली माणसं भेटत असणार, पण कार्थेजच्या आत काय चाललंय हे त्याला बाहेर आलेल्यांकडूनच कळणार. ही जी अडचण आहे ना, तीच बातमीला बातमीपण देते.

तारखेवरनं परवाच एकाशी वाद झाला. "काकू, इ.स.पू. लिवलं न्हाई तर मॅडम मार्क कापतील की!" म्हटलं, अरे बाळा, तिथं लेंतुलस आणि मुम्मिउस हे कॉन्सुल, म्हणजे रोमचे त्या वर्षाचे दोन सर्वोच्च अधिकारी, असतानाचं वर्ष असं घाल, रोमन लोक वर्ष तसंच सांगायचे, आणि मॅडमसाठी पानाच्या बाहेर, समासात, पेन्सिलनं १४६ लिही. ऋतू वसंत, तेवढं पक्कं आहे.

आता इंट्रो. काय झालं, कुठं, कोण, आणि सगळ्यात ताजं काय ते आधी. आम्ही बसून केला तो असा झाला:

"युटिका (आमच्या प्रतिनिधीकडून) : सहा दिवस आणि सहा रात्री रस्त्यारस्त्यांवर चाललेल्या लढाईनंतर कार्थेज शहर संपूर्णपणे रोमन फौजेच्या ताब्यात आले. बिर्सा टेकडीवर आश्रय घेतलेले सुमारे ५० हजार स्त्री-पुरुष जिवाच्या अभयावर बाहेर आल्याचे छावणीतून सांगण्यात आले. सेनापती हसद्रुबल शरण आले असून, अभय नाकारण्यात आलेल्या सुमारे ९०० रोमन फितुरांनी एश्मून देवाच्या मंदिरालाच आग लावून घेतली."

तीन वाक्यं, आणि त्यात महान, भीषण, दुर्दैवी असला एकही शब्द नाही. "छावणीतून सांगण्यात आले" हे उगाच शहाणपणा करायला घातलेलं नाही, पन्नास हजार माणसं बातमीदारानं मोजलेली नसतात म्हणून घातलंय. आपल्याकडं पुराच्या दिवसांत पंचगंगेची पातळी छापताना राजाराम बंधाऱ्याची, आणि सकाळी किती वाजताची, हे लिहितोच की नाही? नुसतं "नदीनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली" लिहून पान सोडलं तर सकाळी सहाला फोन सुरू. आकड्यामागं कोण उभा आहे ते लिहायचं, बस्स. इथं ते जास्तच लागतं, कारण आपल्याला हे सगळं ज्यांच्याकडून कळतं त्यातला इतिहासकार पॉलिबियस खरोखर सिपिओबरोबर तिथं होता, पण त्याचं या भागातलं लिखाण बहुतेक हरवलंय, आणि सलग हकीकत मिळते ती अॅपियनकडे, जो जवळजवळ तीनशे वर्षांनी लिहीत होता. दोघांकडेही कार्थेजची बाजू रोमनांच्या बाजूनं बघूनच आलीय. कार्थेजच्या माणसानं स्वतः लिहिलेलं या युद्धाचं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही.

इंट्रोच्या खाली लढाई. पोरं इथं "घनघोर युद्ध झाले" लिहून मोकळी होतात, आणि खरा मसाला तर इथंच आहे. बंदराकडनं आत शिरल्यावर चौकातनं बिर्साकडं तीन रस्ते चढत जायचे, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरं, वरनं मारा. मग रोमन सैनिकांनी पहिली घरं घेतली आणि गच्चीवरनं पुढच्या गच्चीवर फळ्या टाकून पलीकडं जायला लागले, म्हणजे एक लढाई खाली रस्त्यावर आणि एक वर छपरांवर. टेकडीच्या पायथ्याशी पोचल्यावर सिपिओनं तिन्ही रस्ते पेटवायला सांगितले, आणि पुढच्या तुकड्यांना वाट हवी म्हणून मागची माणसं जळकी घरं ओढून पाडत होती, त्यात कोण जिवंत आहे कोण नाही हे बघायलाही थांबत नव्हती. सैनिक पाळीपाळीनं बदलायचे, सिपिओ मात्र जागाच. हे एवढं लिहिलं की विशेषणं लागतच नाहीत.

हसद्रुबलच्या बायकोचा प्रसंग सगळ्यांनाच हवा असतो. नवरा शरण गेलाय, ती मंदिराच्या छतावर, खाली सिपिओसमोर बसलेल्या नवऱ्याला शिव्याशाप देते आणि पोरांसकट आगीत जाते. घ्या की, पण "प्रत्यक्षदर्शींच्या म्हणण्यानुसार" लावून घ्या, आणि तिच्या तोंडी लांबलचक भाषण घालू नका. पेटलेल्या मंदिरावरनं बोललेलं खाली किती ऐकू आलं असेल याचा विचार कुठल्याही चांगल्या उपसंपादकानं केला असता.

मग पार्श्वभूमी, शेवटचे दोन परिच्छेद. रोम आणि कार्थेजमधली सगळी प्युनिक युद्धं, मागच्या युद्धात हत्ती घेऊन रोमवर चालून गेलेल्या हॅनिबलपासून, सांगायची नाहीत, हत्ती तर आणायचेच नाहीत. एकच गोष्ट नीट सांगायची, शहर व्यापाराचं होतं आणि भांडण तिथंच अडलं. तीन वर्षांपूर्वी रोमनं सांगितलं तसं कार्थेजनं मोठ्या घरची ३०० मुलं ओलीस दिली, मग हत्यारं मागितली तर तीही दिली, अॅपियनच्या म्हणण्याप्रमाणं दोन लाख माणसांची चिलखतं-हत्यारं आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं. सगळं हातात आल्यावर कॉन्सुल म्हणाले, आता शहर रिकामं करा आणि समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे साधारण १५ किलोमीटर आत जाऊन कुठंही वसा. आपल्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांना सांगावं की सौदे खुशाल काढा, फक्त गाडी आत येणार नाही आणि माल बाहेर जाणार नाही, तसलं ते. ज्यांच्या एका बंदरात व्यापारी जहाजं आणि आतल्या गोल बंदरात २२० लढाऊ जहाजांची सोय, त्यांना समुद्र सोडा म्हणायचं! तिथं कार्थेज उलटलं. देवळांत कारखाने सुरू झाले, रोज १०० ढाली आणि ३०० तलवारी घडायला लागल्या, यंत्रांच्या दोऱ्यांसाठी बायकांनी केस कापून दिले. केसांची गोष्ट पोरं मथळ्यात घालतात, पण ती तीन वर्षांपूर्वीची आहे, तिची जागा इथं खालीच.

चौकटीसाठी माझी आवडती बातमी वेगळीच आहे. सिपिओनं सिसिलीच्या शहरांना निरोप धाडला, कार्थेजवाल्यांनी पूर्वी तुमच्या देवळांतनं लुटून नेलेल्या मूर्ती नि वस्तू इथं सापडल्यात, ओळख पटवा आणि घेऊन जा. अॅक्रागस शहराला त्यांचा तो माणसं आत कोंडून भाजण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला पितळी बैल परत मिळाला. ही चौकट सरकारी जाहीर सूचनेच्या भाषेत लिहा, सगळ्या पानात ती उठून दिसते, आणि वर्गात दुसऱ्या कुणाकडं नसते.

काय घालायचं नाही? मीठ. रोमनांनी कार्थेजची जमीन नांगरून मीठ पेरलं हे नेटवर जिकडंतिकडं आहे, पण एकाही प्राचीन लेखकानं ते लिहिलेलं नाही, ती गोष्ट कितीतरी शतकांनंतर चिकटलीय. शहर पाडायचा हुकूमसुद्धा या अंकात नको, उरलंसुरलं पाडण्यासाठी रोमनं दहा माणसं पाठवली ती विजयाची बातमी पोचल्यानंतर. आणि हुशार पोरं एक चूक करतात, त्याच वर्षी कोरिंथपण पडलं म्हणून शेजारच्या कॉलमात "कोरिंथही रोमच्या ताब्यात" अशी बातमी लावतात. कोरिंथ पडलं काही महिन्यांनी, त्याच मुम्मिउसच्या हातनं. पान वसंतातलं आहे, ती बातमी अजून झालेलीच नाही.

राहिला मथळा. "कार्थेज पडले." दोन शब्द, आठ कॉलम, पुढं उद्गारचिन्ह नको. आणि एक हात जोडून विनंती, तो चार्टपेपर चहात बुडवून, कडा मेणबत्तीवर जाळून जुना करू नका. अंक त्या दिवशी सकाळी ताजाच होता.