उभ्यानं बरोबर, बसलं की आवळते: माझ्या पँटची गोष्ट

चुलतभावाच्या लग्नासाठी तालुक्याच्या गावी पँट शिवून घेतली. दुकानातल्या आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कुठं सुरकुती नव्हती, कुठं ओढ नव्हती. लग्नात पंगतीला मांडी घातली आणि समोरचा पट्टा पोटात रुतला. मागचा तीन बोटं खाली घसरला, शर्ट बाहेर आला. बुंदी वाढणारा पोरगा हसू दाबत पुढं गेला.

दुकानदारानं दुरुस्तीत कंबर एक इंच सैल करून दिली. आता उभं राहिलं की पँट घसरायची, अन् बसलं की आवळायची ते आवळायचीच. पट्टा रुततो म्हणजे कंबरच लहान, असं मलाही वाटलं होतं, म्हणून त्याला एकट्याला दोष देत नाही.

शेवटी आमच्याच गावातल्या शिंपीकाकांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी टेप काढायच्या आधी मला पँट घालून बाकड्यावर बसवलं.

"कुठं आवळते, गुरुजी?"

"पोटाला."

"खिशाची तोंडं पाहा. उघडी पडली का?"

नव्हती पडली.

"मंग रुंदीची मोठी भानगड नाही. सीट लय कमी असती तर खिसे आ वासून बसले असते. तुमचा पट्टा मागून खाली गेला. मागची लांबी कमी आहे."

मला काही पटेना. म्हटलं, "काका, उभ्यानं तर पुरते ना? बसल्यावर माणूस काय लांब होतो?"

"मागून होते ना!" त्यांनी माझ्या कमरेला सुतळी बांधली. सुतळीपासून मागून, कुल्ल्यावरून गुडघ्याच्या लवणीपर्यंत टेप धरला, आधी उभ्यानं, मग बसवून. फरक अडीच इंच निघाला. सीटचा घेर उभ्यानं साडेअडतीस होता, बसल्यावर साडेचाळीस. कंबर मात्र इंचभरच वाढली.

मग उलगडलं. बसताना मागचं अंग ताणलं जातं, पुढचं दुमडतं. कापड ताणत नसेल तर मागं कमी पडलेली लांबी ते पट्ट्याकडून घेतं, त्याला खाली ओढतं. मागून पट्टा उतरला की पुढं तो तिरपा होऊन पोटात घुसतो. दुखतं पुढं, कमी असतं मागं. कंबर सैल करून ते कसं जाणार?

"मंग दोन पायांमधलं आसन खोल करा," मी म्हटलं.

"नाही. सगळे हेच म्हणतात. आसन खाली लोंबलं की पाय उचलताना ते मांडीत अडकते, उलट जास्त ओढते."

पँट उलटी करून त्यांनी आतली माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, पाहिली. मागच्या भागाला मांडीच्या आतल्या शिलाईत पाऊण इंच माया होती. तीच खरी कामाची, कारण ती सोडली की मागच्या मधल्या शिलाईचं खालचं टोक पुढं सरकतं आणि ती शिलाई तेवढी लांब होते. दोन्ही पायांची आतली शिलाई गुडघ्यापर्यंत उसवून त्यांनी वर अर्धा इंच सोडलं आणि गुडघ्याशी शून्यावर आणलं. मागची मधली शिलाई सीटजवळ दोन्हीकडून पाव-पाव इंच सोडली. दुकानदारानं सोडलेली कंबर परत घेतली. मधली शिलाई मारताना कापड हातानं ताणून धरलं होतं. ती तिरपी असते, कापड तिथं उरेब पडतं, म्हणून ताणतं. त्याच्याबरोबर दोऱ्यालाही ताणायला जागा नसली तर शिलाई पहिल्याच बैठकीत उसवते.

फरक पडला, पण सगळा नाही. खुर्चीवर, मोटारसायकलवर आता पट्टा जेमतेम बोटभर उतरतो. जमिनीवर मांडी घातली की अजून ओढते, कारण अडीच इंचांतला अर्धाच इंच मिळाला. मायेत नसलेलं कापड काका कुठून आणतील? शिवाय माझी पँट गुडघ्यात अरुंद. मांडी घालताना ती तिथंही पकडते.

नवी पँट मग त्यांच्याकडंच टाकली. कापतानाच त्यांनी मागचा पट्टा नेहमीपेक्षा एक इंच वर घेतला, मागची शिलाई जास्त तिरपी ठेवली, मांडीला थोडी ढील दिली. आधीच सांगितलं होतं, "उभ्यानं मागं थोडा झोळ दिसन. तो काढाले लावू नका. बसायची जागा तीच."

झोळ दिसतो. बायको म्हणते, मागून ढगळ वाटते. परवा बारशाच्या पंगतीत मांडी घालून दोन वेळा भात घेतला आणि उठलो तेव्हा शर्ट आतच होता.