तुम्ही विचारलंत म्हणून: ओटीचा हिशेब

"दादा, रात्रपाळी करून ओटी मारली, पण स्लिपवर पैसे कमी वाटतात. नेमकं कुठं बघायचं?"

आधी एकच भागाकार करा. स्लिपवरच्या ओटीच्या रकमेला ओटीच्या तासांनी भागा. परवा भोसरीतल्या एका पोराची स्लिप बघितली, 22 तासांचे 2,200 रुपये, म्हणजे तासाला 100. मूळ पगार 10,400 आणि विशेष भत्ता 5,200, मिळून 15,600. महिन्याचे 26 दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे 208 तास. तासाला 75 पडतात, दुपटीने 150 व्हायला हवेत. मग 100 आले कुठून? नुसत्या मूळ पगाराला 208 ने भागलं की 50 येतात, त्याची दुप्पट. भत्ता हिशेबातून गाळलेला होता. 1948 च्या कारखाना कायद्यात ओटी दुप्पट होती आणि ती भत्ता धरून; बोनस तेवढा धरत नव्हते. 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही दुप्पटच आहे.

तासांची गोष्ट वेगळी, आणि रात्रपाळीवाल्यांची गोची तिथंच होते. त्याच्या वहीत 26 तास होते, स्लिपवर 22. पंचिंगचा रिपोर्ट मागवला. 14 तारखेला रात्री 10:50 ला पंच इन, थर्ड शिफ्ट संपल्यावर पुढची पाळी आली नाही म्हणून चार तास थांबला, आणि 15 ला सकाळी 11:05 ला पंच आऊट. मशीनने तारीख बदलल्यावर तो आऊट 15 च्या खात्यात टाकला. दोन्ही दिवशी एकच पंच दिसला, टाइम ऑफिसने हजेरी हाताने भरली आणि ओटी राहून गेली. खरं तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाचेच धरायचे असतात, हेही कायद्यात आहे. म्हणून वही तारखेने नव्हे, पाळी जिथून सुरू झाली त्या दिवसाने लिहा. आणि हजेरीचा महिना 1 ते 31 आहे की 21 ते 20, हे आधी विचारा, नाहीतर भलतेच दिवस जुळवत बसाल.

त्याचे एकूण 1,700 रुपये निघाले: दरात 1,100 आणि चार तासांचे 600.

रात्रपाळी भत्ता मात्र दुपटीत शोधू नका. तो कारखाना कायद्यात नव्हता, युनियनच्या करारात किंवा नेमणूकपत्रात असतो. तिथला दर गुणिले रात्री, इतकंच. 14 ची रात्र एकदाच मोजायची, पण मोजायचीच.

अर्जात "पैसे कमी आले" एवढंच लिहिलंत तर तो फिरत राहतो. तारीख, इन, आऊट, आणि ओटीवर सुपरवायझरची सही कुठल्या कागदावर आहे, ते लिहा. ती सही नसेल तर नुसत्या पंचवर टाइम ऑफिस अडून बसतं, म्हणून ओटी स्लिपचा फोटो त्याच सकाळी काढून ठेवा. पुढच्या महिन्यात रक्कम आली की ती फरक म्हणून वेगळ्या ओळीत आहे का, तेही बघा; चालू ओटीत मिसळली तर पुन्हा भागाकार जुळणार नाही.